मान आखडते? दोन बाटल्या, दोन मिनिटं

आज बोलूया आखडलेल्या मानेबद्दल.

समजा, तुम्ही साताऱ्याहून सांगलीची एसटी पकडली. खिडकीची सीट, मांडीवर फोन आणि रील्स सुरू. कराड कधी गेलं तेही कळत नाही. सांगलीत उतरताना मात्र मानेमागे आणि खांद्यांवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटतं. असं का होतं?

डोकं साधारण पाच किलोचं असतं. मान सरळ असली की मणका ते तोलून धरतो. मान झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. केनेथ हंसराज या अमेरिकन सर्जनने २०१४ साली याचा हिशेब मांडला. मान ३० अंश झुकली तर मणक्यावरचा भार सुमारे १८ किलो होतो आणि ६० अंशांना २७ किलो. हे संगणकावरचं मॉडेल आहे, प्रत्यक्ष माणसांवर मोजलेलं नाही, पण अंदाज येतो. त्यात वेळेचाही भाग आहे. भरलेली बादली उचलणं सोपं, पण तीच अर्धा तास धरून बघा!

म्हणून नुसती मान ताणून किंवा कडकड मोडून थोडाच वेळ बरं वाटतं. स्नायूची दमायची वेळच पुढे ढकलायला हवी, म्हणजे त्याला ताकद द्यायला हवी.

किती व्यायाम लागतो? डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवर एक चाचणी झाली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. काहींनी रबरी पट्टा ओढून रोज २ मिनिटं व्यायाम केला, काहींनी १२ मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस, असे दहा आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं.

पट्टा नसेल तर अर्धा लिटर पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. उभे राहा, कोपरं किंचित वाकवा. हात बाजूला, पण थोडे पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश न्या आणि तितक्याच सावकाश खाली आणा. पहिल्या आठवड्यात दहा-बारा वेळा पुरे. वीस वेळा सहज जमायला लागलं की एक लिटरची बाटली घ्या.

खांदे कानांकडे चढत असतील तर वजन जास्त झालंय, बाटलीतलं पाणी कमी करा. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखेल, ते चालतं. पण व्यायाम करताना तीव्र कळ आली तर तिथेच थांबा.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, किंवा पडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर बाटल्या बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि एसटीत? बॅग मांडीवर घ्या, कोपरं तिच्यावर टेका. फोन आपोआप वर येतो. एक स्टँड गेला की फोन खिशात टाकून थोडं बाहेर बघा. मानेला तेवढीच सुट्टी.