ब्लेझर मोठा आला, तर दुकानाला पत्र कसं लिहायचं?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर एका ताईंनी पिशवीतून गडद निळा ब्लेझर काढला आणि सतरंजीवर पसरला. त्यांची मुलगी नवीन जालन्यातल्या एका इंग्रजी शाळेत सहावीला आहे. थंडीच्या गणवेशाचा हा ब्लेझर १,४०० रुपयांचा. त्यातले हजार रुपये ताईंनी गटातूनच उचलले होते. मुलीला घालून पाहिला तर खांदे दंडावर उतरले आणि बाहीतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. "हा घालून मी शाळेत जाणार नाही," असं मुलगी म्हणाली. ताई दुकानात गेल्या, तर काउंटरवरच्या मुलाने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. गावाहून जायचं, कुंडलिकेचा पूल ओलांडायचा, दिवसाची मजुरी बुडवायची आणि तसंच परत यायचं, असा तो दिवस गेला.

आम्ही त्या दिवशी सगळ्याजणींनी बसून दुकानाला एक पत्र लिहिलं. ते कसं लिहिलं, तेच आज सांगतो.

लिहायला बसण्याआधी आम्ही एक गोष्ट शोधली. चूक कुणाची? हे कळल्याशिवाय पत्रात काय मागायचं ते ठरत नाही. जुलैत शाळेने मागणीचा फॉर्म दिला होता. त्यावर "माप" असा एकच रकाना होता. ताईंनी मुलीचा शाळेचा शर्ट जमिनीवर पसरला, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावली, साडेसोळा इंच भरले. त्याची दुप्पट तेहतीस. ब्लेझर सम आकड्यांत मिळतात, म्हणून त्यांनी ३४ लिहिलं आणि दुकानाने ३४ दिला.

गडबड इथेच झाली. शर्ट अंगाला चिकटून नसतो, तो चार-पाच इंच सैल शिवलेला असतो. आम्ही मुलीच्या छातीभोवती टेप फिरवली, तर २८ इंच भरले. तयार ब्लेझरच्या लेबलवर जो आकडा असतो, तो बहुतेक ठिकाणी अंगाच्या छातीचा असतो, कापडाचा नसतो. कापडात सैलपणा दुकानदाराने आधीच धरलेला असतो. म्हणजे ताईंनी एकदा शर्टाचा सैलपणा मोजला आणि त्यावर ब्लेझरचा सैलपणा आपोआप चढला. आतून स्वेटर घालायचा आणि वर्षभरात मूल वाढायचं, एवढं धरूनही तिला ३० पुरला असता. हातात आला ३४, म्हणजे दोन मापं मोठा. पुढच्या वेळी फॉर्म भरताना दुकानात एवढंच विचारा: हा आकडा अंगाचा लिहायचा की कपड्याचा?

दुसरा प्रश्न होता, बदलायलाच हवा का? कारण सगळेच जण वाढत्या अंगाचा घेतात, आणि थोडा सैल ब्लेझर बदलून मागण्यात अर्थ नाही. बाही लांब असेल तर शिंपी आतून दुमडून देतो, पुढच्या वर्षी ती उसवून सोडता येते. बाजूच्या शिवणीतूनही थोडं आत घेता येतं. पण खांद्याचं तसं नाही. खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण काढावी लागते, अस्तर उसवावं लागतं, आतला पॅड हलवावा लागतो. शिंपी तेवढ्याचे बरेच पैसे घेतो आणि तरी ते नीट बसेलच असं नाही. म्हणून खांदा पाहून ठरवा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापासून अर्धा इंच बाहेर गेली, तर चालवून घ्या. त्या मुलीची शिवण दीड इंच खाली दंडावर होती. असा ब्लेझर पुढच्या वर्षीही बसणार नाही, तो बदलायलाच हवा.

तिसरी गोष्ट ब्लेझरच्या अवस्थेची. दुकानदार तो पुन्हा विकू शकला तरच बदलून देईल. त्यामुळे लेबल काढू नका, धुऊ नका, इस्त्री करू नका, आत नाव शिवू नका, शाळेचा बिल्ला टाचू नका. घालून पाहताना मुलीची तेलाची वेणी वर बांधा, कारण कॉलरला तेलाचा डाग पडला की बोलणंच संपतं. ताईंनी हे सगळं सांभाळलं होतं, म्हणून पत्राला जोर आला.

आता त्या छापलेल्या ओळीविषयी. माप आपणच चुकीचं लिहिलं असेल, तर बदलून द्यायलाच हवं असं कायदा दुकानदाराला सांगत नाही. तिथे आपली विनंती असते. पण आपण फॉर्मवर ३० लिहिलं आणि दुकानाने ३४ दिला, किंवा शिवण उसवलेली निघाली, तर मामला वेगळा. दुकानाच्या माणसाने स्वतः माप घेऊन चुकीचा आकडा लिहिला असेल, तरीही जबाबदारी त्याचीच. तिथे ती ओळ दाखवून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत न घेणं आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मालाचं बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. म्हणून बिल मागून घ्या आणि जपून ठेवा.

ताईंच्या बाबतीत चूक आपली होती. एका मैत्रिणीने सुचवलं, "दुकानानेच चुकीचं दिलं असं लिहू." आम्ही नाही म्हटलं. फॉर्मची प्रत दुकानात असते. त्यावर ताईंच्या अक्षरात ३४ दिसलं की आपलं बाकीचं खरंही खोटं वाटतं. आम्ही जे लिहिलं ते असं:

दिनांक: १२ नोव्हेंबर

प्रति,
व्यवस्थापक,
शालेय साहित्य भांडार, नवीन जालना

विषय: गणवेशाचा ब्लेझर लहान मापात बदलून मिळण्याबाबत

महोदय,

माझी मुलगी इयत्ता सहावी, तुकडी ब मध्ये शिकते. आपल्याकडून दिनांक १० नोव्हेंबर रोजी बिल क्रमांक ४१२ अन्वये १,४०० रुपयांचा ब्लेझर, माप ३४, घेतला आहे. मागणीच्या फॉर्मवर माप लिहिताना माझी चूक झाली. मी शर्टाचे माप लिहिले. मुलीच्या छातीचे माप २८ इंच आहे. ३४ मापाच्या ब्लेझरची खांद्याची शिवण दीड इंच खाली येते, त्यामुळे तो शिंप्याकडून दुरुस्त होण्यासारखा नाही.

ब्लेझर फक्त एकदा घरी घालून पाहिला आहे. लेबल जसेच्या तसे आहे. धुतलेला नाही, नाव किंवा बिल्ला लावलेला नाही.

कृपया हा ब्लेझर घेऊन माप ३० चा ब्लेझर द्यावा. किमतीत फरक असल्यास तो भरण्यास मी तयार आहे. माप कमी किमतीचे असल्यास फरकाच्या रकमेचे गणवेशातील दुसरे साहित्य दिले तरी चालेल. ३० माप शिल्लक नसल्यास ते कधी येईल हे कळवावे आणि तोपर्यंत हा ब्लेझर जमा करून पावती द्यावी.

मी गावाहून येते, म्हणून कोणत्या दिवशी यावे ते फोनवर कळवल्यास उपकार होतील.

सोबत: बिलाची झेरॉक्स

आपली विश्वासू,
(पालकाची सही, नाव, फोन क्रमांक)

या पत्रात दोनच आकडे कामाचे आहेत: आलेलं माप आणि हवं असलेलं माप. मागणीही एकच आहे. "बदलून द्या नाहीतर पैसे द्या नाहीतर शिंप्याचा खर्च द्या" असं लिहिलं की दुकानदार कशालाच उत्तर देत नाही. माल शिल्लक नसला तर काय, हे आधीच लिहिलं, कारण नोव्हेंबरात मधली मापं संपलेली असतात आणि "नाही" म्हणायला तेच कारण सोपं असतं. आणि ब्लेझर पावतीशिवाय ठेवून यायचा नाही, हे लक्षात ठेवा.

चूक दुकानाची असेल, तर फक्त एक वाक्य बदला. "माझी चूक झाली" ऐवजी लिहा: "फॉर्मवर माप ३० लिहिले होते, प्रत सोबत आहे, प्रत्यक्षात ३४ मिळाले. तो बदलून मिळणे हा माझा हक्क आहे." मग किमतीतला फरक भरण्याची तयारी दाखवायची गरज नाही.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक दुकानात द्या, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. याला पोच म्हणतात. काउंटरवरचा मुलगा सही करत नसेल, तर पत्राचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, त्यावर तारीख आपोआप येते. दुकान शाळेनेच ठरवून दिलेलं असेल, तर एक प्रत शाळेच्या कार्यालयातही द्या. ठरावीक दुकानातूनच खरेदी करा अशी सक्ती शाळांनी करू नये, असं राज्याच्या शिक्षण विभागाने वेळोवेळी बजावलं आहे. म्हणून अशा पत्राची दखल मुख्याध्यापक सहसा घेतात.

ताई पत्र घेऊन गेल्या तेव्हा काउंटरवर मालक स्वतः होते. त्यांनी पत्र वाचलं, लेबल पाहिलं, कॉलर उलटून पाहिली. ३० शिल्लक नव्हता. त्यांनी ब्लेझर जमा करून पावती दिली आणि नऊ दिवसांनी फोन केला. ३० चा ब्लेझर ८० रुपयांनी स्वस्त होता. ते ८० रुपये रोख मिळाले नाहीत, त्याऐवजी मोज्यांचा एक जोड मिळाला. ताईंनी तो घेतला, कारण पत्रात आपणच तसं लिहिलं होतं.

दुकानाची चूक असूनही दुकान ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही निभावलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी लागत नाही. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: दुकानाला लेखी कळवलं होतं का? तेव्हा ती पोच बिलाला टाचून ठेवा.

तो ब्लेझर आता मुलीच्या अंगावर आहे. बाही अजून एक इंच लांब आहे. ताईंनी ती आतून दुमडून हाताने टाके घातले आहेत, पुढच्या जूनमध्ये उसवायला.