वाकडा बाण आणि दोन पिंपे



एका रासायनिक कारखान्याच्या गोदामात दोन पिंपे शेजारी शेजारी होती. एकात क्लोरोबेन्झीन, दुसऱ्यात बेन्झिल क्लोराइड. दुसऱ्याचे बूच थोडे सैल झाले की भोवतालच्या कामगारांच्या डोळ्यांतून धारा लागत. पहिल्याने तसे होत नसे. क्लोरोबेन्झीन निरुपद्रवी आहे असे मात्र नव्हे, त्याची वाफही यकृताला घातक असते. पण एका कामगाराने मला विचारले, "साहेब, दोन्हींत तेच सहा कार्बनांचे कडे, दोन्हींत तोच क्लोरीन. मग एकच का रडवते?" त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते पुढे पुस्तकांतून शोधताना मला एका वाकड्या बाणाची ओळख झाली. आज मी त्या बाणाबद्दलच बोलणार आहे.

रसायनशास्त्रात दोन अणूंमधला बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची एक जोडी. दुहेरी बंध म्हणजे दोन जोड्या. हा वाकडा बाण ब्रिटनमधील केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी १९२२ साली वापरात आणला. त्याचा अर्थ एवढाच, की एक जोडी इथून उठून तिथे बसली. बाणाची शेपटी जोडी जिथे आहे तिथे ठेवावी, आणि टोक ती जिथे जाणार तिथे. अणू जागचे हलत नाहीत. नवशिका हटकून जी चूक करतो ती अशी : त्याला धन भार सरकताना दिसतो, म्हणून तो बाण धन चिन्हापासून काढतो. पण धन चिन्ह म्हणजे इलेक्ट्रॉनांची उणीव. रिकाम्या खुर्चीतून कोण उठणार? बाण नेहमी भरलेल्या जागेपासून निघतो.

सर्वांत लहान उदाहरण अॅलिल आयनाचे. तीन कार्बनांची साखळी, एका टोकाला दुहेरी बंध आणि दुसऱ्या टोकाला उणीव :

CH₂=CH–CH₂⁺ ↔ ⁺CH₂–CH=CH₂

दुहेरी बंधाच्या मध्यापासून एकच बाण काढा आणि त्याचे टोक शेजारच्या एकेरी बंधावर आणा. दुहेरी बंध उजवीकडे गेला, उणीव डावीकडे आली. एकूण भार आधी एक धन होता, आताही एक धनच आहे. हा हिशेब जुळला नाही तर बाण चुकला असे समजावे.

आता मधल्या दुतोंडी बाणाकडे पाहा. तो वाकड्या बाणाहून अगदी वेगळा आहे, आणि मी सगळ्यांत जास्त दिवस अडलो तो इथेच. मला वाटे, रेणू क्षणभर डावे रूप घेतो आणि क्षणभर उजवे. गिरणीत एका मागावर दोन बदली कामगार आळीपाळीने उभे राहावेत तसे. ही समजूत चुकीची होती. नरसिंह घटकाभर माणूस आणि घटकाभर सिंह नसतो. तो सदासर्वदा नरसिंहच असतो. त्याचे वर्णन करायला मात्र आपल्याला दोन ओळखीची रूपे लागतात. आयनही तसाच एकच आहे. आपली रेघांची लिपी अपुरी पडते म्हणून त्याची दोन चित्रे काढावी लागतात. यालाच रेझोनन्स म्हणतात. वाकडे बाण हा एका चित्रावरून दुसरे काढण्याचा हिशेब आहे. रेझोनन्समध्ये प्रत्यक्ष प्रवास होत नाही.

याला पुरावा काय, असे कोणीही विचारील. तो कार्बॉक्झिलेटात मिळतो. फॉर्मिक आम्लात एका कार्बनाला दोन ऑक्सिजन असतात, एक दुहेरी बंधाने आणि एक एकेरी बंधाने. त्यांची अंतरे मोजली तर सुमारे १.२० आणि १.३४ अँगस्ट्रॉम भरतात. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) आम्लातला हायड्रोजन सोडून गेला की उरतो तो फॉर्मेट आयन :

H–C(=O)–O⁻ ↔ H–C(–O⁻)=O

चित्रात एक बंध दुहेरी आणि एक एकेरी दिसतो. पण सोडियम फॉर्मेटच्या स्फटिकात मोजले तर दोन्ही अंतरे सारखीच, सुमारे १.२७, येतात. लांब कोणता आणि आखूड कोणता, हा भेदच उरत नाही.

इथे बाण दोन लागतात. ऋण ऑक्सिजनवरची मोकळी जोडी कार्बनाशी नवा बंध करायला येते, हा पहिला बाण. तो काढून थांबलात तर कार्बनाला पाच बंध होतात, आणि कार्बन चारांहून अधिक बंध घेत नाही. म्हणून त्याच वेळी जुन्या दुहेरी बंधातली एक जोडी दुसऱ्या ऑक्सिजनवर जाते, हा दुसरा बाण. धन आयनात बाण उणिवेकडे जातो, ऋण आयनात तो भारापासून निघतो. नियम एकच आहे.

आता बेन्झिलकडे वळू. कड्यातल्या कार्बनांना १ ते ६ आकडे द्या. पहिल्याला कड्याबाहेरचा CH₂ जोडा आणि क्लोरीन निघून गेल्यामुळे त्यावर धन चिन्ह द्या. दुहेरी बंध १–२, ३–४ आणि ५–६ येथे मांडा. पहिला बाण १–२ बंधापासून बाहेरच्या बंधावर : उणीव २ वर आली. दुसरा बाण ३–४ पासून २–३ वर : उणीव ४ वर. तिसरा ५–६ पासून ४–५ वर : उणीव ६ वर. चौथा बाहेरच्या दुहेरी बंधापासून १–६ वर : उणीव परत CH₂ वर आली आणि फेरा पूर्ण झाला. अशी पाच चित्रे होतात. ३ आणि ५ यांवर उणीव एकदाही आली नाही. आपल्या चित्रात ती तिथे दिसली तर मागे जाऊन चूक शोधावी. या पाचांचा वाटाही सारखा नसतो. ज्या चित्रांत कड्याची घडी मोडते त्यांचा कमी, आणि जिथे ती शाबूत असते त्यांचा अधिक.

आता पिंपांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. बेन्झिल क्लोराइडमधला क्लोरीन निघताना मागे राहणारी उणीव एका कार्बनाच्या माथी पडत नाही, ती चार जागी वाटली जाते. त्यामुळे क्लोरीन सहज सुटतो आणि उरलेला भाग डोळ्यातल्या द्रव्यांना चिकटतो. तिथे बहुधा आयन पूर्ण सुटा होण्याआधीच दुसरा रेणू पुढे सरसावतो. पण त्या कामीही शेजारच्या कड्याचा आधार मिळतोच.

क्लोरोबेन्झीनमध्ये क्लोरीन थेट कड्याला जडलेला असतो. तो निघाला असे मानून मी वहीत तसेच बाण काढले होते, आणि कागदावर ते दिसलेही छान. पण ते खोटे होते. कड्याचे फिरते इलेक्ट्रॉन त्याच्या पातळीच्या वर आणि खाली असतात. क्लोरीन गेल्यावर रिकामी होणारी जागा मात्र कड्याच्या पातळीतच, बाहेर तोंड करून असते. दोघांची गाठच पडत नाही, म्हणून उणीव वाटली जात नाही आणि क्लोरीन घट्ट राहतो. बेन्झिलमध्ये रिकामी जागा कड्याच्या इलेक्ट्रॉनांना समांतर उभी राहते, म्हणून तिथे वाटणी होते.

कागद सपाट असतो, रेणू सपाट असेलच असे नाही. म्हणून बाण काढण्यापूर्वी दोन जागा एकमेकींसमोर आहेत का, हे पाहावे. त्या कामगाराला मी अखेर पाटीवर हीच चित्रे काढून दाखवली. चौथ्या बाणाला उणीव परत CH₂ वर आलेली पाहून तो म्हणाला, "म्हणजे ओझे चौघांत वाटले, म्हणून क्लोरीनला सोडायला जड गेले नाही." याहून नेमके मलाही सांगता आले नसते.