नरसाळ्याचा रिकामा कोपरा

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला शिरेतून मॅग्नेशियम दिले तर जीव वाचतो का? १९९१ साली सात लहान चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मॅग्नेशियम दिलेल्या ६५७ रुग्णांपैकी २५ दगावले, तर न दिलेल्या ६४४ पैकी ५३. औषध स्वस्त, द्यायला सोपे. आणखी काय हवे?

पण १९९५ मध्ये ‘आयसिस-४’ या ५८,०५० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. मॅग्नेशियम घेतलेल्यांत पाच आठवड्यांत शेकडा ७.६४ मृत्यू, न घेतलेल्यांत ७.२४. फायदा शून्य!

मग आधीचा आकडा आला कुठून? याचा संशय घेण्यासाठी संशोधक एक आलेख काढतात. प्रत्येक चाचणीचा एक ठिपका. औषधाचा फायदा दिसला तर ठिपका डावीकडे, अपाय दिसला तर उजवीकडे. मोठी चाचणी वर, लहान चाचणी खाली. चाळीस-पन्नास रुग्णांच्या चाचणीत एक-दोन मृत्यू इकडचे तिकडे झाले की निकालच बदलतो. म्हणून खालचे ठिपके दोन्ही बाजूंना पांगतात, वरचे मात्र एकमेकांजवळ राहतात. रॉकेलचे नरसाळे पालथे घातल्यासारखा आकार होतो.

औषध खरोखर गुणकारी असेल तर सगळे नरसाळेच डावीकडे सरकते. त्यात वावगे काही नाही. पाहायचे ते एवढेच, की नरसाळ्याच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना खाली ठिपके आहेत ना? मॅग्नेशियमच्या आलेखात डावीकडे खाली ठिपके होते, उजवीकडचा खालचा कोपरा जवळजवळ मोकळा. नशिबाचा कौल नेहमी एकाच बाजूला कसा पडेल? फायदा न दिसलेल्या लहान चाचण्याही कुठे तरी झाल्या असाव्यात, पण त्या टेबलाच्या खणातच राहिल्या असाव्यात. निराशाजनक निकाल लिहून काढायला संशोधकाला उत्साह नसतो आणि छापायला संपादकालाही नसतो.

मात्र रिकामा कोपरा हा पुरावा नव्हे, संशय आहे. लहान चाचण्या ढिसाळपणे झाल्या असतील, किंवा त्यांतले रुग्ण अधिक गंभीर असल्याने औषधाचा गुण जास्त दिसला असेल, तरीही नरसाळे असेच कलते. शिवाय दहापेक्षा कमी ठिपके असतील तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. १९९१ च्या आढाव्यात तर सातच होते!

मॅग्नेशियमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप होता, की ‘आयसिस-४’ मध्ये ते उशिरा दिले गेले. म्हणून ‘मॅजिक’ नावाच्या चाचणीत ६,२१३ रुग्णांना सहा तासांच्या आत मॅग्नेशियम किंवा नुसते द्रावण दिले. २००२ मध्ये निकाल आला: महिनाभरात शेकडा १५.३ विरुद्ध १५.२ मृत्यू. आता झटक्यात ते सरसकट देत नाहीत. रक्तात मॅग्नेशियम कमी असेल किंवा ठोक्यांची विशिष्ट प्रकारची लय बिघडली असेल तरच देतात.