तळाच्या मागे चालणारा स्टॉपलॉस

तेजीत सापडलेला ट्रेडर दोन भीतींमध्ये अडकतो. हातात आलेला नफा निसटेल ही एक भीती, आणि आपण विकल्यावर भाव दुप्पट होईल ही दुसरी. क्रिप्टोच्या बाजारात दोन्ही भीती खऱ्या ठरतात, बऱ्याचदा एकाच महिन्यात. म्हणून ‘कधी विकायचं’ हा निर्णय त्या घटकेच्या मनःस्थितीवर न सोडता आधीच लिहून ठेवलेल्या नियमावर सोडावा, असं मला वाटतं. त्या नियमाचं नाव ट्रेलिंग स्टॉप. भाव वर गेला की त्याच्या मागोमाग वर सरकणारा, पण कधीही खाली न येणारा स्टॉपलॉस.

तो किती अंतरावरून मागे चालावा, हा खरा प्रश्न आहे. सोपं उत्तर म्हणजे टक्केवारी. शिखरापासून भाव समजा २५ टक्के खाली आला की विकायचं. बहुतेक एक्स्चेंजवर अशी ऑर्डर एका बटणावर लागते, म्हणून ती लोकप्रियही आहे. पण २५ हा आकडा आपण ठरवलेला असतो, बाजाराला त्याची खबर नसते. स्विंग लो पद्धत अंतर ठरवण्याचं काम बाजारावरच सोपवते. तेजी सरळ रेषेत चढत नाही. भाव चढतो, थोडा उतरतो, एका तळाशी थांबतो आणि पुन्हा आधीचं शिखर ओलांडतो. प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा वर असेल तोवर तेजी शाबूत आहे असं मानायचं आणि स्टॉपलॉस शेवटच्या खऱ्या तळाच्या किंचित खाली ठेवायचा.

‘खरा तळ’ कुठला, इथे गडबड होते. तासाच्या चार्टवर दिवसाला चार-पाच तळ दिसतात. त्या प्रत्येकामागे स्टॉपलॉस सरकवणारा माणूस दोन दिवसांत बाहेर पडतो. म्हणून दोन अटी घालाव्या लागतात. पहिली अट अशी : रोजच्या कँडलचा चार्ट घ्यायचा, आणि ज्या दिवसाचा नीचांक आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच दिवसांच्या नीचांकांपेक्षा खाली आहे, तोच तळ धरायचा. म्हणजे तळ झाला हे पाच दिवस उलटल्यावरच कळतं, आणि हा उशीर मान्य करायलाच हवा. दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. तळ दिसला म्हणून स्टॉपलॉस हलवायचा नाही. त्या तळापासून निघालेला भाव तेजीतलं आधीचं सर्वोच्च शिखर ओलांडेल तेव्हाच हलवायचा, आणि जुनं शिखर ते नवं शिखर या दरम्यानच्या सर्वांत खालच्या तळाखाली न्यायचा. नवं शिखर होईपर्यंत तो तळ हा नुसता अंदाज असतो. वेळेआधी बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेक जण ही दुसरी अट गाळतात.

२०२०-२१ची बिटकॉइनची तेजी या नियमाने चालून पाहू. भाव अमेरिकी डॉलरमध्ये आणि गोळाबेरीज आहेत. प्रत्येक एक्स्चेंजवर ते थोडे वेगळे असतात.

२१ ऑक्टोबर २०२० रोजी पेपॅलने आपल्या ग्राहकांना क्रिप्टो खरेदी-विक्रीची सोय देणार असल्याचं जाहीर केलं आणि बिटकॉइनने ऑगस्टमधलं १२,५००चं शिखर ओलांडलं. तिथे खरेदी केली असं धरू. त्याआधीचा तळ २ ऑक्टोबरचा, १०,४०० च्या आसपास. पहिला स्टॉपलॉस त्याखाली, १०,३०० वर. चुकलो तर नुकसान १२,५०० मागे २,२००, म्हणजे १७.६ टक्के. किती घ्यायचं हे याच अंतरावरून ठरतं. पाच लाखांचं भांडवल आहे आणि एका सौद्यात १०,००० रुपयांहून जास्त गमवायचे नाहीत, तर खरेदी सुमारे ५७,००० रुपयांची. स्टॉपलॉस लांब असेल तर खरेदी लहान. हे गणित आधी केलेलं असेल तरच पुढच्या घसरणी सोसता येतात.

नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात भाव १९,५०० ला गेला आणि २६ तारखेला १६,२०० पर्यंत कोसळला. ३० नोव्हेंबरला नवं शिखर झालं, तेव्हा स्टॉपलॉस १६,२०० च्या खाली आला आणि सौदा प्रथमच नफ्याच्या बाजूला सुरक्षित झाला. पुढचा तळ ११ डिसेंबरचा, १७,६०० च्या जवळ. १६ डिसेंबरला भावाने २०,००० ओलांडले आणि स्टॉपलॉस १७,५०० वर सरकला.

पद्धतीचा सर्वांत अवघड काळ यानंतर आला. भाव जवळजवळ उभा चढत गेला आणि ८ जानेवारी २०२१ला ४२,००० झाला. पाच दिवसांच्या अटीत बसणारा नवा तळच मध्ये तयार झाला नाही. भाव ४२,००० आणि स्टॉपलॉस अजून १७,५०० वर. कागदावरचा अर्ध्याहून जास्त भाव उघड्यावर पडलेला. स्विंग लो पद्धतीची ही खरी मर्यादा आहे : तेजी जितकी उभी, तितका स्टॉपलॉस मागे राहतो.

११ जानेवारीला भाव ३०,३०० च्या आसपास आला. २५ टक्क्यांचा ट्रेलिंग स्टॉप लावलेला माणूस त्या दिवशी ३१,५०० ला बाहेर पडला. अडीचपट झाले, त्याला वाईट म्हणता येणार नाही. २२ जानेवारीला भाव आणखी घसरून २८,८०० ला टेकला. ४२,००० पासून ही ३१ टक्क्यांची पडझड, पण तळांची चढती रांग मोडली नव्हती. ८ फेब्रुवारीला टेस्लाने दीड अब्ज डॉलरचे बिटकॉइन घेतल्याचं उघड झालं, ४२,००० चं शिखर मागे पडलं आणि स्टॉपलॉस एका झटक्यात १७,५०० वरून २८,८०० च्या खाली आला.

फेब्रुवारीत भाव ५८,३०० पर्यंत जाऊन २८ तारखेला ४३,००० ला आला. १३ मार्चला तो साठ हजारांच्या वर गेला, स्टॉपलॉस ४३,००० च्या खाली. २५ मार्चचा तळ ५०,४०० चा. १३ एप्रिलला नवं शिखर झालं, तेव्हा स्टॉपलॉस ५०,००० वर. दुसऱ्या दिवशी, कॉइनबेस नॅस्डॅकवर सूचिबद्ध झालं त्या दिवशी, भाव ६४,८०० ला पोचला. २३ एप्रिलला तो ५०,००० च्या खाली गेला आणि सौदा संपला. १२,५०० चे ५०,०००, चौपट. शिखरापासून २३ टक्के सोडून द्यावे लागले.

त्यानंतरचे जवळजवळ चार आठवडे मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. मेच्या सुरुवातीला भाव पुन्हा ५९,००० पर्यंत चढला. बाहेर पडलेल्या माणसाला ‘घाई केली’ असं वाटण्याचा तो काळ. पण ६४,८०० चं शिखर ओलांडलं गेलं नाही, म्हणजे नियमाप्रमाणे परत शिरण्याचं कारण नव्हतं. १९ मेला भाव ३०,००० ला आला.

पाचऐवजी तीन दिवसांची अट लावली असती तर? जानेवारीत स्टॉपलॉस खूप जवळ, ४ जानेवारीच्या तळाखाली २८,००० ला टेकलेला राहिला असता आणि २२ जानेवारीच्या घसरणीतून जेमतेम वाचला असता. मधला काळ कितीतरी सुखाचा गेला असता. पण १५ फेब्रुवारीचा ४६,००० च्या आसपासचा छोटा तळही मग मोजला गेला असता, दुसऱ्या दिवशी पन्नास हजारांच्या वर नवं शिखर झाल्यामुळे स्टॉपलॉस तिथे सरकला असता आणि २३ फेब्रुवारीला उडाला असता. रुंद अट जास्त नफा टांगणीला लावते, अरुंद अट लवकर बाहेर काढते. एका तेजीवरून ‘पाच’ हा आकडा सिद्ध होत नाही. आपल्या नाण्याच्या जुन्या चार-पाच तेजी-मंदी चार्टवर हाताने चालून पाहाव्यात, त्यात फसलेल्या तेजीही घ्याव्यात, आणि मगच अट ठरवावी. सौदा चालू असताना ती बदलू नये. आडव्या, दिशाहीन बाजारात तर ही पद्धत एकामागून एक छोटी नुकसानंच देते.

स्टॉपलॉस नेमका तळाच्या आकड्यावर ठेवणंही धोक्याचं. तो तळ सगळ्यांना दिसतो, सगळ्यांच्या ऑर्डरी तिथेच साठतात, आणि भाव क्षणभर खाली डोकावून त्या साफ करून परत वर जातो. त्यासाठी एटीआर वापरतात, म्हणजे गेल्या १४ दिवसांतली रोजची सरासरी उलथापालथ; तिच्या अर्ध्याइतकी मोकळी जागा तळाखाली सोडायची. दुसरा उपाय म्हणजे दिवसाची कँडल स्टॉपलॉसच्या खाली बंद झाली तरच विकायचं. क्रिप्टोला बाजार बंद होण्याची घंटा नाही, पण बहुतेक चार्टवरची रोजची कँडल जागतिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बंद होते. एप्रिलमध्ये या रीतीने एक-दोन दिवस उशिरा, एकोणपन्नास हजारांच्या आसपास सुटका झाली असती. मात्र १९ मेसारख्या दिवशी कँडल बंद होईपर्यंत थांबणं फार महागात पडतं. ऑर्डर लावून ठेवायची असेल तर तिचा प्रकार पाहावा. स्टॉप-लिमिट ऑर्डरमध्ये भाव तुमच्या लिमिटच्या खाली झपाट्याने निसटला तर विक्री होतच नाही. स्टॉप-मार्केटमध्ये विक्री होते, फक्त भाव अपेक्षेपेक्षा कमी मिळू शकतो. बाहेर पडणं हाच हेतू असल्यामुळे मी दुसरी पसंत करतो.

भारतात राहणाऱ्या ट्रेडरला अरुंद स्टॉपलॉस आणखी एका कारणाने जड जातो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि एका सौद्यातलं नुकसान दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. विवरणपत्रात त्याचा हिशेब होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो आणि दर विक्रीगणिक व्यापाराचं भांडवल आटतं. वरचाच हिशेब आजच्या नियमांवर मांडू. ५७,००० चे चौपट झाले, नफा १,७१,००० रुपये. त्याआधी त्याच वर्षी स्टॉपलॉस पाचदा उडून प्रत्येकी १०,००० गेले असतील, तर हातात खरे राहिले १,२१,०००. कर मात्र पूर्ण १,७१,००० वर : ५१,३०० रुपये, उपकर वेगळा. खऱ्या कमाईच्या तो ४२ टक्के होतो. दहा वेळा स्टॉपलॉस उडाला असता, तर ७१,००० च्या कमाईवरही कर तेवढाच, ५१,३०० रुपये.