चिन्नोरच्या पाटीखालचा तांदूळ

तिवसा तालुका म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचा मुलूख. धान इथल्या शेतात जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे ज्वारी किंवा तूर हातात घेतली की आपल्याला बरंवाईट लगेच कळतं, पण तांदळाच्या दुकानात आपण पाटी वाचून घेतो. चिन्नोर, एचएमटी, कोलम, बासमती. भंडारा-गोंदियाकडचा माल नागपूरवरून इकडे येतो, त्या वाटेत तो किती हात बदलतो आणि त्याचं नाव किती वेळा बदलतं, हे सांगणारं कोणी नसतं.

दुकानदार सहसा एकाच श्वासात तीन गुण सांगतो: दाणा लांब, माल जुना, वास घमघमीत. खरी मेख इथेच आहे. हे तिन्ही गुण एका तांदळात क्वचितच पुरेपूर मिळतात आणि प्रत्येक वाणाचा मान वेगळा असतो.

एचएमटीचंच बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथले दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास ‘पटेल-3’ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून वर्षानुवर्षं पेरल्या, निवडल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा, चांगलं पीक देणारा तांदूळ उभा राहिला. बाजारात त्याला नाव पडलं ते तेव्हा चलतीत असलेल्या घड्याळाचं. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण काढलं. मूळ निवडीचं श्रेय दादाजींना किती मिळालं, हा वाद 2018 मध्ये ते गेले तेव्हाही मिटलेला नव्हता. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की एचएमटी बारीक आहे, मोकळा शिजतो, पण तो सुगंधी वाण नाही. एचएमटीचं पोतं उघडल्याबरोबर गोड वास नाकात शिरला, तर त्या मालाला वरून काहीतरी लावलेलं आहे असं समजून पुढच्या दुकानात जावं.

चिन्नोरचं उलट आहे. त्याचा दाणा लहानसर, आणि सारी प्रतिष्ठा वासाची. हे गरवं धान आहे, शेतात पाच महिने घेतं, आणि पीकही कमी येतं. म्हणून खरा चिन्नोर स्वस्त परवडत नाही आणि लवकर येत नाही. दिवाळीच्या आधीच कोणी ‘नवा चिन्नोर’ देत असेल तर तो एक तर गेल्या वर्षीचा आहे, नाहीतर चिन्नोरच नाही. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या बाजारात मात्र सुगंध नसलेला कुठलाही लहान, बारीक दाणा त्या नावाने खपतो.

आता वास कसा पारखायचा? चिन्नोर, आंबेमोहोर, बासमती यांच्या सुगंधामागचं मुख्य द्रव्य एकच. केवड्याच्या कुळातलं जे पान काही घरांत भाताच्या आधणात टाकतात, त्यातही तेच असतं. हे द्रव्य दाण्याच्या आत असतं, म्हणून कच्च्या तांदळाला वास मंद येतो आणि भात रटरटायला लागला की घरभर पसरतो. लावलेला अर्क दाण्याच्या वर बसतो, त्यामुळे कच्च्यालाच भपका मारतो. मूठभर तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवा. वास धुवणाच्या पाण्यात गेला आणि भाताला काहीच उरला नाही, तर उत्तर मिळालं.

जुनेपणाची गोष्ट याहून मजेची आहे. तांदूळ साठवणीत मुरतो तसा दाणा घट्ट होतो, शिजताना पाणी जास्त ओढतो, फुगतो आणि एकमेकाला चिकटत नाही. गोळाभाताला किंवा लग्नातल्या मसालेभाताला म्हणूनच जुना तांदूळ लागतो. पण सुगंधाचं द्रव्य उडणारं असतं, ते त्याच काळात कमी कमी होत जातं. म्हणजे साध्या वरणभाताच्या सुवासासाठी चिन्नोर फार मुरवण्यात अर्थ नाही, आणि ‘दोन वर्षं जुना, तरी वास बघा!’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं.

जुना तांदूळ दिसायला किंचित पिवळसर, नवा पांढराशुभ्र. पण नुसत्या रंगावर जाऊ नये, कारण धान वाफवून मग भरडलेला तांदूळही पिवळसर दिसतो आणि नवा असूनही मोकळा शिजतो. बाजारात त्याला ‘स्टीम’ म्हणतात. त्यात गैर काही नाही, फक्त तो जुन्याच्या भावाने घेऊ नये. दुकानदाराला सरळ विचारा: कच्चा आहे की स्टीम? आणि एक दाणा दाताखाली धरा. टचकन तुटला तर कोरडा, दबला तर ओल आहे. असला माल वर्षभर टिकणार नाही, त्याला सोंडे लागतील.

बासमतीला मात्र फुटपट्टी लागते. मानकाप्रमाणे कच्च्या दाण्याची सरासरी लांबी निदान 6.61 मिलिमीटर आणि शिजल्यावर निदान 12 हवी. घरी अख्खे दहा दाणे टोकाला टोक लावून पट्टीशेजारी मांडा, ओळ साडेसहा सेंटिमीटरच्या वर गेली पाहिजे. मग ते अर्धा तास भिजवून, भरपूर पाण्यात शिजवून पुन्हा मांडा. समजा कच्ची ओळ 7 सेंटिमीटर भरली आणि शिजल्यावर 9.8. दाणा लांब तर होता, पण 1.4 पटच वाढला. बासमती 1.7 पट तरी वाढायला हवा, म्हणजे ही ओळ जवळपास 12 व्हायला हवी होती. शिवाय बासमती लांबीत वाढतो, जाडीत फारसा नाही. शरबतीसारखे लांब दाणे नुसते बघून ओळखू येत नाहीत, ते शिजल्यावर ओळखू येतात. याच्या पलीकडची खात्री प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीनेच होते, आणि ती काही आपण पाच किलोसाठी करणार नाही.

पाकीट घेत असाल तर ‘बासमती’ हाच शब्द आहे का ते बघा. ‘बिर्याणी राइस’ किंवा ‘सुगंधी लांब दाणा’ हे बासमती असल्याचं कुठेच म्हणत नाहीत. 1 ऑगस्ट 2023 पासून बासमतीला देशात अन्नसुरक्षा मानक लागू आहे. त्यात कृत्रिम सुगंधाला आणि रंगाला बंदी आहे, आणि बिगर-बासमती दाण्याची भेसळ शंभरात पंधरापर्यंतच चालते. पाकिटावरची तारीख पॅकिंगची असते. तिच्यावरून धान कोणत्या वर्षीचं ते कळत नाही.

सुटा माल घेताना दुकानाच्या पाटीपेक्षा उत्तरं बघावीत. कोणत्या हंगामाचा, कोणत्या तालुक्यातल्या गिरणीतला, कच्चा की स्टीम, कणी किती. जाणता दुकानदार ‘हा चिन्नोर नाही, पण खायला बरा आहे’ असं स्वतःहून सांगतो. असा माणूस भेटला तर सोडू नये. कृषी विभाग आणि पणन मंडळाच्या धान्य महोत्सवांत पूर्व विदर्भातले शेतकरी थेट बसतात. तिथे ओंजळभर धान दाखवा म्हणावं. ज्याने पिकवलंय त्याच्याकडे साळीसकट दाणा असतो.

वर्षाचं भरायचं असेल तर आधी अर्धा किलो आणून शिजवून पाहा. पसंत पडला तर त्यातलीच मूठभर बरणीत ठेवा, बिलावर वाणाचं नाव आणि हंगाम लिहून घ्या, आणि पोती उतरवताना प्रत्येक पोत्याच्या तळाशी हात घालून ती मूठ शेजारी धरा. वरच्या थरातला आणि तळातला दाणा वेगळा निघाला, तर पोतं गाडीतच राहू द्यावं.