रंगकामाची बिलं कुणी मागत नाही

फ्लॅट भाड्याने देणारे बरेच जण जून-जुलैत कर सल्लागाराकडे एक जाडजूड फाइल घेऊन जातात. रंगकामाची पावती, नवा गीझर, नळ बदलल्याचं प्लंबरचं बिल, एजंटला दिलेली दलाली, भाडेकराराच्या नोंदणीचा खर्च असं सगळं त्यात नीट लावलेलं असतं. सल्लागार फाइल चाळतो, त्यातली मालमत्ता कराची पावती आणि बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र काढून घेतो आणि बाकी फाइल परत देतो. मालकाला वाटतं, माणूस आळशी आहे. पण तो बरोबर असतो. घरभाड्याच्या उत्पन्नात आयकर कायदा तुम्ही प्रत्यक्ष किती खर्च केला हे विचारतच नाही.

वार्षिक भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करायचा आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट घ्यायची. दुरुस्ती, रंग, विमा, दलाली, भाडं वसूल करण्याची यातायात या सगळ्यांची भरपाई त्या ३० टक्क्यांत झाली असं कायदा मानतो. वर्षभरात एक बल्बसुद्धा बदलला नाही तरी ३० टक्के मिळतात आणि बाथरूम फोडून नवी केली तरी ३० टक्केच. १९६१च्या कायद्यात हे कलम २४ मध्ये होतं. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ते कलम २२ मध्ये आलं, पण हिशेबाची रीत बदललेली नाही.

पुण्यातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, पण बाजारात न बसणारे नाहीत. मालक एकच, नोकरदार. भाडं महिना २८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,३६,०००. मालमत्ता कर २१,००० रुपये. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिलं की ती जाते, त्यामुळे कराचं बिल आधीपेक्षा चांगलंच फुगलेलं असतं. हा कर वजा करून राहिले ३,१५,०००. त्याचे ३० टक्के ९४,५००. ते वजा केले की उरतात २,२०,५०० रुपये.

मालमत्ता कराची एक गंमत आहे. तो ज्या वर्षी आकारला त्या वर्षी नव्हे, तर ज्या वर्षी मालकाने प्रत्यक्ष भरला त्या वर्षी वजा होतो. तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली तर तिन्ही वर्षांचा कर त्याच वर्षीच्या भाड्यातून जातो. उलट मार्चमध्ये भरायचा राहून एप्रिलमध्ये भरला, तर वजावट पुढच्या वर्षात. आणि भाडेकरूने भरला असेल तर मालकाला वजावट नाहीच.

सोसायटीचा मेंटेनन्स मात्र डोकेदुखी आहे. महिना ४,००० म्हटले तरी वर्षाचे ४८,००० होतात आणि त्यांची वेगळी वजावट कायद्यात नाही. भाड्यात मेंटेनन्स धरलेला असेल, तर तेवढी रक्कम भाड्यातून वगळावी की नाही यावर करदाते आणि खातं न्यायाधिकरणापर्यंत भांडले आहेत. भांडणापेक्षा सोपा मार्ग लिव्ह अँड लायसन्स करारातच आहे. भाडं २४,००० लिहायचं आणि मेंटेनन्स भाडेकरूने थेट सोसायटीकडे भरायचा, असं कलम घालायचं. पैसे तेवढेच जातात, पण मालकाच्या हिशेबात भाडं २४,०००च येतं. अर्थात करारात लिहिलं तसं प्रत्यक्ष घडलंही पाहिजे. मेंटेनन्स मालकाच्याच खात्यातून जात राहिला, तर कागदाला फारसा अर्थ राहत नाही.

आता बँकेचं व्याज. समजा या फ्लॅटवर ४५ लाखांचं कर्ज आहे, साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी. हप्ता साधारण ३९,००० रुपयांचा. पहिल्या वर्षी भरलेल्या सुमारे ४,६८,००० रुपयांपैकी अंदाजे ३,७९,००० व्याजात जातात आणि जेमतेम ९०,००० मुद्दलात. भाड्यातून वजा होतं ते फक्त व्याज. मुद्दलाचा या हिशेबाशी संबंध नाही. ते जुन्या कर पद्धतीत कलम ८० सीच्या दीड लाखांत बसतं, तेही पीएफ आणि आयुर्विम्याच्या रांगेत उभं राहून.

दोन लाखांची मर्यादा सगळ्यांच्या तोंडी असते, पण ती व्याजावर आहे ती स्वतः राहत असलेल्या घरासाठी. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज कितीही असो, सगळं वजा करता येतं. मग आपल्या मालकाचा हिशेब असा होतो: २,२०,५०० मधून ३,७९,००० गेले आणि १,५८,५०० रुपयांचा तोटा आला. महिन्याला २८,००० खात्यात जमा होत असताना कागदावर तोटा. यात लबाडी काही नाही, व्याज भाड्यापेक्षा जड आहे एवढंच.

या तोट्याचं पुढे काय होतं, इथे दोन कर पद्धतींचे रस्ते वेगळे होतात. जुन्या पद्धतीत हा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो, वर्षाला दोन लाखांपर्यंत. दोन लाखांची दुसरी मर्यादा ती हीच, आणि दोन्हींची गल्लत फार होते. त्याहून जास्त तोटा असेल तर उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण तेव्हा तो फक्त घरभाड्याच्याच उत्पन्नातून वजा होतो. नव्या पद्धतीत व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतं वजा होतं. भाड्यावरचा कर शून्यावर आला की थांबायचं. खाली गेलेले दीड लाख पगाराला हात लावू शकत नाहीत.

हे कळलं की बरेच जण लगेच जुनी पद्धत निवडायला निघतात. तोटा फुकट का घालवायचा, हा त्यांचा प्रश्न. पण आधी आकडे मांडावेत. आपल्या मालकाचा पगार १८ लाख धरू आणि वर्ष २०२५-२६. नव्या पद्धतीत पगाराची प्रमाणित वजावट ७५,००० जाऊन उरतात १७,२५,००० आणि त्यावर उपकरासह कर येतो १,५०,८००. घराच्या तोट्याचा उपयोग शून्य. जुन्या पद्धतीत ५०,००० प्रमाणित वजावट, ८० सीचे दीड लाख आणि घराचे १,५८,५०० हे सगळं वजा केलं तरी १४,४१,५०० उरतात आणि कर होतो सुमारे २,५४,७००. एक लाखाहून जास्त फरक, आणि तो तोटा वाया घालवणाऱ्या पद्धतीच्या बाजूने!

आपला फ्लॅट भाड्याने देऊन ऑफिसजवळ दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांना जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूटही मिळते. ती तीन लाख धरली तरी जुन्या पद्धतीचा कर सुमारे १,६१,००० येतो, म्हणजे अजूनही दहा हजारांनी महागच. मोठा भत्ता, आरोग्य विमा आणि आणखी एखादी वजावट अशी सगळी मोट बांधली तरच पारडं फिरतं. म्हणून फक्त गृहकर्जाच्या व्याजासाठी जुन्या पद्धतीत राहणं हा माझ्या मते भावनिक निर्णय आहे. दोन्ही बाजूंनी आकडेमोड करून मगच ठरवावं, आणि पगार बदलला की पुन्हा करावी.

बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरांत एक रक्कम नेहमी विसरली जाते. ताबा सप्टेंबर २०२५ मध्ये मिळाला आणि कर्ज २०२२ मधलं असेल, तर मधल्या काळात भरलेलं व्याज वाया गेलेलं नसतं. बांधकाम पूर्ण झालं त्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं सगळं व्याज एकत्र करायचं आणि पूर्ण झाल्याच्या वर्षापासून पाच समान भागांत वजा करायचं. सहा लाख भरले असतील तर दर वर्षी १,२०,०००. बँकेच्या चालू वर्षाच्या प्रमाणपत्रात ही रक्कम दिसत नाही, म्हणूनच ती निसटते. जुन्या वर्षांची प्रमाणपत्रं मागून घ्यावी लागतात.

घर आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर भाडं आणि व्याज दोन्ही हिश्श्याप्रमाणे विभागायचं. व्याज नवऱ्याच्या विवरणपत्रात आणि भाडं बायकोच्या, अशी सोयीची वाटणी चालत नाही. ज्याचं नाव फक्त कर्जाच्या कागदावर आहे आणि घराच्या करारनाम्यात नाही, त्याला हप्ते भरूनही व्याजाची वजावट मिळत नाही.

भाडेकरूने भाडं बुडवलं तर? न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं, पण अटी कडक आहेत. तो घर सोडून गेलेला हवा किंवा त्याला बाहेर काढण्याची पावलं उचललेली हवीत, तुमच्या दुसऱ्या कुठल्या जागेत तो राहत नसावा, आणि वसुलीसाठी कायदेशीर हालचाल केलेली असावी. ती केली तरी उपयोग नाही, हे अधिकाऱ्याला पटवता आलं तरी चालतं. नुसतं ‘देईल, देईल’ म्हणून थांबलात, तर न आलेल्या भाड्यावरही कर भरावा लागू शकतो. अनामत रक्कम एरवी उत्पन्न नसते. पण थकलेलं भाडं तिच्यातून कापून घेतलं, तर तेवढं भाडं मिळालं असंच धरायचं.

भाडं दाखवलंच नाही तर कोण बघतंय, असं म्हणणारेही आहेत. भाडेकरू नोकरदार असेल आणि वर्षाला एक लाखाहून जास्त भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल, तर त्याला मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. तिथून माहिती खात्याकडे जाते. भाडं महिना ५०,०००च्या वर असेल, तर भाडेकरूला दोन टक्के कर कापून मालकाच्या पॅनवर भरावा लागतो आणि ती नोंदही खात्याकडे होते.

आपल्या उदाहरणातला फ्लॅट मात्र त्या मर्यादेच्या खाली आहे, आणि नेमकं तिथेच पुढे फसायला होतं. भाडं आणि मालमत्ता कर वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत गेले आणि व्याज कमी होत गेलं, तर साधारण आठव्या वर्षी तोटा संपून करपात्र उत्पन्न सुरू होतं. सात वर्षं शून्य लिहायची सवय झालेली असते आणि कर कुणी कापलेला नसतो. पगारातून कापलेला कर वजा जाता वर्षाची देणी १०,००० किंवा त्याहून जास्त निघाली, तर आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत टप्प्याटप्प्याने भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. नोकरदाराला सोपी वाट म्हणजे एप्रिलमध्येच कंपनीच्या अकाउंट्स विभागाला घरभाड्याचं अंदाजे उत्पन्न कळवायचं. मग तो कर पगारातूनच महिन्याला थोडा थोडा कापला जातो.