पखवाजाची कणीक, टाळांची दोरी आणि अधीक्षकांना पत्र

आषाढी-कार्तिकीच्या सुमारास एखाद्या भजनी मंडळाच्या मनात येतं, की यंदा कारागृहात कीर्तन करावं. मंडळाचे सचिव लेटरहेड काढतात आणि चार ओळी लिहितात: एकादशीनिमित्त आपल्या कारागृहातील बंदी बांधवांसाठी कीर्तन करण्याची आमच्या मंडळाची इच्छा आहे, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती. भावना निर्मळ असते, पण एवढ्या मजकुरावर अधीक्षकांना काहीच ठरवता येत नाही. माणसं किती येणार, किती वेळ थांबणार, सोबत काय आणणार, प्रसाद वाटणार का, फोटो काढणार का, यातलं काहीही पत्रात नसतं. मग पत्र टेबलावर राहतं आणि एकादशी निघून जाते.

अधीक्षकांची अडचण समजून घेतली, तर पत्र कसं लिहायचं ते आपोआप कळतं. येरवड्यासारख्या मोठ्या कारागृहात गेली अनेक वर्षं क्षमतेच्या दुपटीहून अधिक माणसं राहत आली आहेत. देशातल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले आहेत. त्यांच्या कोर्टाच्या तारखा, नातेवाइकांच्या मुलाखती, सकाळ-संध्याकाळची मोजणी हे सगळं अपुऱ्या मनुष्यबळावर रोज चालवायचं असतं. त्यात बाहेरची पंधरा माणसं आत येणार असतील, तर त्यांच्यामागे पाच-सहा कर्मचारी द्यावे लागतात. काही बिनसलं तर जबाब अधीक्षकांना द्यावा लागतो, कीर्तनकारांना नाही. म्हणून परवानगीचं पत्र म्हणजे अधीक्षकांच्या मनातल्या प्रश्नांची आधीच दिलेली उत्तरं.

तुरुंगात असं काही घडणं नवं नाही. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून अशा अठरा रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि सोबत बंदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पण तिथे वक्ता आणि श्रोते दोघंही आतलेच होते. बाहेरचा माणूस आत येतो तेव्हा काय पेच पडतो, ते 1975 साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात दिसलं. सत्यनारायण गोएंका तिथे विपश्यनेचं शिबिर घ्यायला गेले, तेव्हा काही बंद्यांना बेड्या घालून आणलं गेलं. बेड्यांतल्या माणसांना साधना शिकवणार नाही, असं गोएंकांनी सांगितलं. अधिकाऱ्यांना धोका दिसत होता. अखेर बेड्या निघाल्या आणि पहारा राहिला. हे जमलं, कारण राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह स्वतः शिबिराच्या पाठीशी उभे होते. साध्या भजनी मंडळामागे गृहसचिव नसतात. त्यांचा पेच कागदावर आणि आधीच सुटलेला बरा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वारकरी मंडळाला कार्तिक महिन्यात तिथल्या मध्यवर्ती कारागृहात कीर्तन करायचं आहे.

पहिला निर्णय वेळेचा. कीर्तन म्हटलं की रात्र आठवते, पण कारागृहात दिवस मावळायच्या सुमारास बंद्यांना मोजून बराकीत बंद केलं जातं. दुपारीही काही वेळ बराकी बंद असतात. त्यामुळे हातात उरतात ते सकाळचे किंवा दुपारनंतरचे दोन तास. रविवारी कोर्ट नसतं ही सोय असते, पण कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्याही त्याच दिवशी असू शकतात. म्हणून पत्रात एकच तारीख हट्टाने न मागता तीन तारखा सुचवाव्यात आणि अमुक ते अमुक वेळेत दीड तासाचं कीर्तन, मांडामांड आणि आवराआवरीसह दोन तास, असं स्पष्ट लिहावं. पत्र निदान महिना-दीड महिना आधी पोचायला हवं. ते अधीक्षकांकडून पुढे वरिष्ठ कार्यालयाकडे, प्रसंगी पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जाऊ शकतं आणि येणाऱ्यांची पोलीस पडताळणीही होऊ शकते.

दुसरा निर्णय माणसांचा, आणि इथे मंडळाला मन घट्ट करावं लागतं. कीर्तनामागे वीस टाळकरी उभे राहिले की जी भरदार साथ मिळते, ती इथे सोडून द्यायची. कीर्तनकार, पखवाजवादक, पेटीवाला, विणेकरी आणि चार टाळकरी अशी आठ माणसं पुरतात. आठही जणांची नावं, वय, पत्ता, व्यवसाय आणि ओळखपत्राची प्रत पत्राला जोडायची. आयत्या वेळी कोणी आजारी पडला तर बदली माणूस घ्यायचा नाही, सात जणांनी जायचं. कोणाचा नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस त्या कारागृहात असेल, तर ते पत्रातच सांगावं आणि त्या सदस्याला या खेपेला घरी ठेवावं. ही गोष्ट नंतर उघड झाली, तर पुढच्या सगळ्या मंडळांची वाट अवघड होते.

मग येते सामानाची यादी, आणि पत्राचं खरं वजन तिच्यात असतं. पखवाज आतून पोकळ असतो. पेटीचा भाताही उघडून बघावा लागतो. दारावरचा शिपाई दोन्ही तपासणार, हे वादकांनी गृहीत धरावं. पखवाज सुरात आणायला हातोडी लागते, म्हणजे लोखंडी वस्तू आली. ती यादीत 'हातोडी, एक नग' अशी लिहायची, आत जाताना दाखवायची आणि बाहेर पडताना मोजून दाखवायची. किंवा पखवाज बाहेरच मिळवून आणायचा आणि हातोडी गाडीत ठेवायची. पखवाजाच्या धुमेला लावायची कणीकही बाहेरून नेऊ नये. कणकेच्या गोळ्यात काय दडवता येतं, हे तुरुंगातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मूठभर कणीक कारागृहाच्या मुदपाकखान्यातून मिळावी, अशी एक ओळ पत्रात घातली की प्रश्न मिटतो आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळतं, की या मंडळींनी नीट विचार केला आहे. टाळांच्या जोड्या आणि त्यांच्या दोऱ्या, विण्याच्या तारा हेही नोंदवायचं. सुटी तार किंवा जादा दोरी न्यायचीच नाही.

हल्ली कित्येक गायक तंबोऱ्यासाठी मोबाइलवरच्या ॲपचा सूर धरतात. कारागृहात मोबाइल दारावरच जमा होतो. आत गेल्यावर हे लक्षात आलं तर कीर्तनकाराची पंचाईत होते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा न्यायचा असेल तर यादीत लिहावा, नाहीतर पेटीच्या सुरावर भागवावं.

बुक्का, कापूर, काडेपेटी, नारळ, हारांचे दोरे या कीर्तनाच्या नेहमीच्या गोष्टी इथे अडचणीच्या ठरतात. पूड डोळ्यांत फेकता येते, काडी पेटते, नारळाची करवंटी धारदार असते. म्हणून पूजा साधी ठेवावी, तसबीर आणि सुटी फुलं पुरेत. प्रसादाचं तर बजावूनच सांगायला हवं. घरून करून आणलेला शिरा शंभर जणांना वाटला आणि दोघांना उलट्या झाल्या, तर कार्यक्रमाची चौकशी सुरू होते. प्रसाद आतल्याच मुदपाकखान्यात व्हावा, शिधा कारागृह सांगेल त्या पद्धतीने देऊ, असं पत्रात लिहिणं सगळ्यांच्या हिताचं.

श्रोते कोण असतील हे मंडळाने ठरवायचं नसतं. 1894 च्या तुरुंग कायद्यात स्त्री आणि पुरुष, न्यायाधीन आणि शिक्षा झालेले, यांना वेगळं ठेवण्याची तरतूद आहे. शिवाय कोणत्या दोन टोळ्यांना एका सतरंजीवर बसवू नये, हे फक्त आतल्या अधिकाऱ्यांना माहीत असतं. पत्रातलं वाक्य असं असावं:

'उपस्थित राहू इच्छिणाऱ्या बंद्यांची निवड व संख्या आपण ठरवावी. कोणाही बंद्यास उपस्थितीची सक्ती नसावी. कार्यक्रमात कोणत्याही धर्मावर, पंथावर, राजकीय विषयावर अथवा न्यायालयीन प्रकरणावर भाष्य केले जाणार नाही.'

सक्तीचा उल्लेख केवळ औपचारिक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांतही हेच आहे: धर्माच्या प्रतिनिधीची भेट एखाद्या बंद्याला नको असेल, तर त्याच्या इच्छेचा मान राखावा. अन्य धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा बंदी बराकीत बसून राहिला, तर त्याच्या नावावर काही लागता कामा नये.

कीर्तनकारांसाठी याहून नाजूक गोष्ट निरूपणाची आहे. समोरच्यांना उद्देशून पापी, पतित, तुम्ही केलेलं कर्म असे शब्द सहज तोंडून जातात. पण समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांवरचा आरोप अजून सिद्धही झालेला नसतो. विषय आणि घ्यायचा अभंग आधी कळवला, तर कीर्तनकारही सावध राहतात.

आणि मग आचरण. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडायची, उराउरी भेटायची रीत आहे. बाहेर ती कीर्तनाचा प्राण असते. आत तोच क्षण चिठ्ठी हातात सरकवण्याचा असतो. बहुतेक वेळा चिठ्ठीत काही भयंकर नसतं. एखादा तरुण हळूच म्हणतो, माउली, घरी फोन करून आईला सांगा मी बरा आहे. कोणाचंही मन द्रवावं अशीच ती विनंती असते. पण नियमाविरुद्ध वस्तू आत-बाहेर नेणं किंवा बंद्याशी संपर्क साधणं हा 1894 च्या कायद्याच्या कलम 42 नुसार गुन्हा ठरवलेला आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या मुलाला 'हे तुरुंगाधिकाऱ्यांना सांग' एवढंच म्हणायचं, आणि निघताना आपण स्वतः ती गोष्ट अधिकाऱ्यांच्या कानावर घालायची. म्हणून पत्रात लिहावं, की मंडळातील कोणी निरोप, चिठ्ठी, पैसे किंवा फोन नंबर घेणार-देणार नाही, नमस्कार जागेवरूनच होईल, आणि धोक्याची घंटा झाल्यास सर्वजण कार्यक्रम थांबवून अधिकारी सांगतील तिथे बसून राहतील.

फोटोंबद्दलही एक ओळ हवी. मंडळाला वर्तमानपत्रात छायाचित्र द्यायची हौस असते. पण न्यायाधीन बंद्याचा चेहरा छापून आला, तर त्याची मुलं शाळेत काय ऐकतील? छायाचित्र कारागृहानेच काढावं, चेहरे दिसू नयेत आणि लेखी परवानगीशिवाय ते कुठे देणार नाही, एवढं लिहून द्यावं.

हे सगळं दोन पानांत बसतं: पहिल्या पानावर विनंती, वेळ आणि हमी, दुसऱ्यावर माणसांची आणि सामानाची यादी, खाली एका जबाबदार माणसाचं नाव, सही आणि फोन नंबर. कार्यक्रम झाल्यावर चार दिवसांत अधीक्षकांना आभाराचं पत्र जावं. त्यात नेलेलं सामान मोजून परत आल्याची नोंद, एखादी अडचण आली असल्यास तीही, आणि पुढच्या वेळी काय बदलू ते लिहावं. महिला विभागात कार्यक्रम राहून गेला असेल, तर त्यासाठी महिला सदस्यांची वेगळी यादी देऊन दुसरी तारीख याच पत्रात मागता येते.